चुका काढा

मला सूचना लिहिता येतात, असा माझा समज होता. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळते आहे. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. फॉर्म कसा भरायचा, हॉल तिकिटाची प्रत कुठे द्यायची, बूट कुठे काढायचे, हे सगळं मीच लिहून भिंतीवर चिकटवते. मुलं ते वाचतात आणि तसं करतात. कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर तो माझा कमीपणा, असं मी मानत आले.

म्हणून सर जेव्हा म्हणाले, "एडिटरला नीट लिहून द्या, मॅडम. नंतर त्याचं अन् आपलं वाजायला नको," तेव्हा मला ते काम सोपं वाटलं.

सर म्हणजे क्लासचे मालक. त्यांच्या मते मुलं आता जाहिरात वाचत नाहीत, पॅम्प्लेट घेऊन त्यावर वडापाव खातात. मुलं मोबाईल बघतात. तेव्हा नवीन बॅच सुरू होण्याआधी महिनाभर रोज एक रील टाकायची, तीसच्या तीस मराठी व्याकरणाच्या, आणि त्यातून मराठीची ऑनलाइन बॅच उभी करायची. शिकवणार आमच्या मराठीच्या मॅडम.

या मॅडम माझ्याच वयाच्या, पन्नाशीला टेकलेल्या. मुकुंदवाडीला राहतात. वडील रेल्वेत गँगमन होते. घरातली पहिली पदवी त्यांची, पहिली एम.ए.ही त्यांचीच. चौदा वर्षं आमच्याकडे व्याकरण शिकवत होत्या आणि त्यांच्याइतकं स्पष्ट शिकवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. त्या बौद्ध आणि मी ब्राह्मण. हे दोन शब्द मी एरवी लिहिले नसते, पण ते टाळले तर पुढचं काही कळणार नाही.

सरांनी माझ्या टेबलासमोरच त्यांना सांगितलं, "बॅच उभी राहिली तर ती तुमची. नाही राहिली तर पुण्याचे एक सर तयार आहेत, त्यांची रेकॉर्डेड लेक्चरं घेऊ. मग इथं वर्गावर मराठीला वेगळं माणूस ठेवणं जमायचं नाही, मॅडम. एक महिना आहे तुमच्याकडं."

"एक महिना पुष्कळ झाला," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून खडू काढून वर्गावर गेल्या. आमच्या वर्गात व्हाइटबोर्ड येऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी स्वतःपुरता एक काळा फळा ठेवून घेतला होता.

शूटिंग आम्ही दुपारी करायचो, वर्ग रिकामा असताना. तिपाईवर माझा मोबाईल, त्यांच्या पदराला अडकवलेला छोटा माईक, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. मे महिना. दहा मिनिटांत त्यांच्या कपाळावरून घाम निथळायचा. असे पंधरा व्हिडिओ झाले, प्रत्येकी आठ-दहा मिनिटांचे. नाम, सर्वनाम, विशेषण, विभक्ती, प्रयोग, समास. प्रत्येकातून दोन रील, म्हणजे तीस. हिशेब सरळ होता.

मॅडमना एकच अडचण होती आणि ती त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक होती. थकल्या की त्यांचा 'ण' सुटायचा. व्याकरणचं व्याकरन व्हायचं, विशेषणचं विशेषन. वर्गात हे कधी कुणाच्या लक्षात आलं नसावं, कारण वर्गातली निम्मी मुलं घरी 'पानी'च पितात. पण कॅमेऱ्यासमोर त्यांचं त्यांनाच ऐकू यायचं. त्या लगेच गप्प व्हायच्या, दोन श्वास घ्यायच्या, आणि पूर्ण वाक्य पहिल्यापासून म्हणायच्या. कधी चिडल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "ताई, हा 'ण' मी चौथीत शिकले. माहेरी गेले की तो इथंच राहतो."

मी हसले. आमच्या घरी 'श' आणि 'ष' यावरून जेवताना वाद व्हायचे. माझे वडील पाहुण्यांचे उच्चार ते गेल्यावर पुन्हा म्हणून दाखवायचे. चुकीचा उच्चार कानावर पडला की माझं लक्ष आपोआप तिथे जातं. मी ठरवून ते करत नाही.

एडिटर छावणी भागातले. पन्नाशीचे गृहस्थ, वीस-बावीस वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग केलेलं. लग्नाच्या सीडींचा जमाना गेला तसे ते घरूनच सुटी कामं घेऊ लागले होते. सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही म्हणायचे. कामाला पक्के, वेळेला पक्के, दखनी वळणाचं मराठी बोलतात आणि मराठी वाचतात व्यवस्थित. फोनवर म्हणाले, "मॅडम, बस एक अर्ज है. जे पाहिजे ते एकदाच लिहून द्या. बोलण्यात फरक पडतो, लिहिलेलं बरं."

मी लिहिलं. एक पान. ते पान आजही माझ्याकडे आहे, त्यामुळे आठवणीवर विसंबायची गरज नाही.

आकार उभा, मोबाईलच्या पडद्याएवढा. लांबी तीस ते पंचेचाळीस सेकंद. अक्षरं मोठी, मराठीत, पडद्याच्या अगदी तळाशी नकोत, कारण तिथे ॲपची बटणं येतात. संगीत हक्काचं वापरा, सिनेमाचं नको. इथवर ठीक होतं. त्यापुढे मी लिहिलं: 'पंधरा व्हिडिओ आहेत. प्रत्येकातून दोन रील काढा.' मग: 'पहिल्या तीन सेकंदांत पकड हवी. नमुन्यादाखल तीन रील सोबत देत आहे.' मग: 'चुकांची यादी जोडली आहे. त्या चुका काढा.' शेवटी: 'पहिली रील मला दाखवा. ती पसंत पडली की बाकीच्या तशाच करून रोज सायंकाळी सातच्या वेळेला लावून टाका.' अकाउंटचा पासवर्ड त्यांना देऊन टाकला होता.

आता त्या पानाकडे पाहिलं की प्रत्येक ओळीतली गफलत दिसते. नमुन्याच्या तीन रील मी दिल्या, पण कुठल्या रीलमधून काय घ्यायचं ते लिहिलं नाही. पहिली मला अक्षरांच्या आकारासाठी आवडली होती. दुसरी वेगासाठी. तिसरी फळा पूर्ण दिसतो म्हणून. ती तिसरी रील हिंदी शिकवणाऱ्या कुठल्याशा मास्तरांची होती आणि तिची सुरुवात त्यांच्याच अडखळण्याने व्हायची. ते चुकतात, स्वतःवर हसतात, मग धडा सुरू होतो. मी त्या सुरुवातीकडे पाहिलंच नव्हतं. मी फळा पाहत होते.

आणि यादी. पंधरा व्हिडिओ मी घरी बसून कानाला हेडफोन लावून ऐकले आणि मॅडमच्या चुका वहीत उतरवल्या, मग टाइप केल्या. डावीकडे व्हिडिओचा क्रमांक, मध्ये मिनिट आणि सेकंद, उजवीकडे चुकीचा शब्द. व्हिडिओ ३, १.४२, व्याकरन. व्हिडिओ ४, ०.५१, उदाहरन. एकूण एकोणीस. व्यवस्थित यादी होती. ती करताना मला बरं वाटत होतं. हे मी तेव्हा मान्य केलं नसतं.

यादी पाठवल्यावर भाईंचा मेसेज आला: 'मॅडम, यादीतल्या सगळ्या काढायच्या ना?'

मी लिहिलं: 'सगळ्या. एकही सोडू नका.'

पहिल्या व्हिडिओत एकही चूक नव्हती, कारण तेव्हा मॅडम ताज्या होत्या. त्यामुळे मला दाखवलेली पहिली रील स्वच्छ होती. नाम म्हणजे काय. सुरेख होती. मी अंगठा पाठवला आणि पुढच्या कामाला लागले. तेव्हा एका भरतीचे फॉर्म सुटले होते आणि दिवसभर मुलांची रांग असायची. रील रोज सातला जात होत्या, हे मला मोबाईलवर येणाऱ्या सूचनेवरून कळत होतं. पुढच्या मी उघडून पाहिल्या नाहीत. मॅडमही पाहत नव्हत्या. त्यांच्या फोनमध्ये ते ॲपच नव्हतं. "माझा आवाज मलाच ऐकवत नाही," त्या म्हणायच्या.

आठव्या दिवशी सकाळी मॅडम वर्गावर गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. तसं त्या कधी करत नसत. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"ताई, माझी रील दाखवा."

"कुठली?"

"मला काय माहीत कुठली. फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'व्याकरन मॅडमचं स्वागत'. पुसलं. मागून एक जण म्हणाला, मॅडम, न पुसा, ण लिहा. अख्खा वर्ग हसला. म्हणजे काहीतरी आहे. दाखवा."

मी मोबाईल उघडला. दोघींनी एकत्रच पाहिलं, मी बसून आणि त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून.

पडद्यावर मॅडमचा घामाने डवरलेला चेहरा. त्या म्हणतात, "व्याकरन." चित्र थांबतं. तोंड अर्धं उघडं राहतं. 'न'भोवती लाल गोल येतो, घंटी वाजते, मागून माणसं हसल्याचा आवाज. मग धडा सुरू होतो. त्यानंतर सदतीस सेकंद त्या विभक्ती इतकी सोपी करून सांगतात की मलाही नव्याने कळली. पण सदतीस सेकंद कोण थांबतंय?

अशा पाच रील गेल्या होत्या. एक फार पसरली होती. इतर पानांनी ती उचलली होती, कुणी तेवढे तीनच सेकंद कापून त्याला ढोल जोडला होता.

मॅडम म्हणाल्या, "खाली काय लिहिलंय ते वाचा."

"नको, मॅडम."

"वाचा. मला चष्मा नाही."

चष्मा त्यांच्या गळ्यात होता. मी वाचलं. 'ण म्हणता येईना आणि व्याकरण शिकवते.' 'मॅडम, थोडं पानी द्या.' 'कळलं नोकरी कशी मिळाली ते.' 'कोट्यातलं व्याकरण.' 'यांच्या घरी पुस्तक कधी आलं?' एकाने आडनावावरून काहीतरी लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. त्या म्हणाल्या, "ते पण." मी ते पण वाचलं. आणखी खाली कुणीतरी मेहनत घेऊन पाचही रीलमधले शब्द गोळा केले होते. रीलचा क्रमांक, सेकंद, शब्द. अगदी माझ्या यादीसारखं. क्रमसुद्धा तोच.

मी भाईंना फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "येतो." अर्ध्या तासात छावणीतून स्कूटरवर आले, हातात माझं पान प्रिंट काढून. ओळींखाली पेनने रेघा मारल्या होत्या. काम समजून घ्यायची त्यांची पद्धत तशी होती.

"मॅडम, नाराज होऊ नका. हे बघा. इथं तुम्ही लिहिलं, रील काढा. मी काढल्या. इथं लिहिलं, चुका काढा. मी काढल्या. एकच शब्द आहे."

"काढा म्हणजे कापून टाका, भाई."

"कापायचं असतं तर आमच्यात उडवा म्हणतात. काढा म्हणजे बाहेर काढा. क्लिप काढ, फोटो काढ, गाणं काढ. बावीस साल हेच ऐकलं." मग नमुन्याच्या तिसऱ्या रीलवर बोट ठेवलं. "आणि हे तुम्हीच दिलं. यात मास्तर आधी चुकतो, मग शिकवतो. मला वाटलं, हेच पाहिजे. पकड पाहिजे लिहिलं होतं. लग्नात नवरदेव उखाणा विसरला की आम्ही तेच पहिलं टाकतो. लोक हसतात, घरचे खूश होतात. मी तर विचारलं पण होतं, सगळ्या काढू का. तुम्ही म्हणाल्या, एकही सोडू नका."

भाई मॅडमकडे वळले. "बहनजी, मुझे माफ करना. सगळं परत करून देतो."

"तुमचं काही चुकलं नाही, भाई," मॅडम म्हणाल्या. "कागद बघू."

त्यांनी तो कागद घेतला. चष्मा लावला. उत्तरपत्रिका वाचावी तशा सावकाश वाचत गेल्या. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "वाक्य दुअर्थी आहे. 'काढणे'चे अर्थ मोजायला बसलं तर फळा पुरायचा नाही. हे कुणाचंही होऊ शकतं." मला तेवढ्यावर सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी पान उलटलं. मागे यादी होती.

ती त्यांनी दोनदा वाचली.

"ही काय आहे, ताई?"

"चुकांची यादी. त्यांना सापडाव्यात म्हणून."

"मी प्रत्येक वेळी थांबले होते ना? थांबून वाक्य पुन्हा म्हणाले होते?"

"हो."

"मग तुम्हाला एकच ओळ लिहायची होती. मॅडम जिथं थांबून वाक्य पुन्हा म्हणतात, तिथं पहिलं कापा आणि दुसरं घ्या. माझ्या गप्प बसण्यावरूनच त्यांना कळलं असतं. का हो, भाई?"

भाईंनी मान हलवली. "हौ. ते तर लगेच दिसतं. आवाजाची रेघ सपाट होते."

"मग यादी कशाला लागली?"

मी टेबलावरचे फॉर्म सरळ करायला लागले.

"वाक्य दुअर्थी आहे, ताई. यादी नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "एकोणीस. एवढ्या मलासुद्धा माहीत नव्हत्या. घरी बसून मोजल्या तुम्ही. चुका काढणं याचा तिसरा अर्थ आहे एक, तो तुम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. तुम्ही तेच करत होतात."

भाई उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. मी काहीतरी म्हणाले, की माझा तसा हेतू नव्हता.

"हेतू नव्हता, व्हय," त्या म्हणाल्या. चौदा वर्षांत ऑफिसमध्ये त्यांच्या तोंडून 'व्हय' मी पहिल्यांदा ऐकलं. "लई जपून राहिले इथं मी. एकदा वाटलं होतं, तुमच्यासमोर जपायची गरज नाही. कॅमेऱ्यामागं तुम्हीच होतात म्हणून बिनधास्त चुकले. दुसरं कुणी असतं तर घाम पुसून, पाणी पिऊन, मग बोलले असते."

मग त्या वर्गावर गेल्या. पुढचा तास पूर्ण घेतला. दाराच्या फटीतून मी पाहिलं, मागच्या बाकावरचे दोघे तोंडावर वही धरून बसले होते.

सर दुपारी आले ते खुशीत. त्यांनी आकडे पाहिले होते. "मॅडम, आजवर आपल्या कुठल्या गोष्टीला एवढी माणसं आली नव्हती. चौकशीचे फोन बघा किती."

"सर, त्या पाच रील खाली घ्यायच्या आहेत. चुकून गेल्यात."

"खाली? वेडबिड लागलंय का? त्या रीलवरच तर फोन येतायत. मराठीच्या मॅडमना सांगा, हे ब्रँडिंग असतं. लोक आधी हसतात, मग शिकतात."

मी पासवर्ड असलेलं माणूस होते. त्याच मिनिटाला त्या पाच रील उडवता आल्या असत्या. मी उडवल्या नाहीत. सरांशी भांडण नको होतं, नवीन बॅच तोंडावर होती, फॉर्मची रांग दारात होती. चार दिवसांनी उडवल्या, सर मुंबईला गेले होते तेव्हा, कुणाला न विचारता. पण तोवर त्या इतरांच्या पानांवर पोचल्या होत्या, तिथला पासवर्ड माझ्याकडे नव्हता. सरांनी परत आल्यावर विचारलं नाही. त्यांचं काम झालेलं होतं.

उरलेल्या तेवीस रील भाईंनी पुन्हा केल्या. चुका नाहीत, घंटी नाही, लाल गोल नाही. रोज सातला जात होत्या. त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. खाली एखादाच लिहायचा: 'आज व्याकरन नाही?'

चौकशीचे फोन मात्र येत राहिले आणि ते मीच घेत होते. क्लास कुठे आहे, बॅच कधी, बसायला जागा आहे का. आणि शेवटी: "मॅडम, मराठी त्याच शिकवतात का? त्या रीलवाल्या?" मी हो म्हटलं की पलीकडून, "बघतो, कळवतो." पहिले दोन-तीन दिवस मी हो म्हणत होते. मग सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आता विचारलं तर सांगा, मराठीला पुण्याचे सर येणार आहेत."

"ठरलं का?"

"ठरलं. तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं दोघींचं जमतं."

महिना संपायला नऊ दिवस बाकी होते. मी मॅडमना दुपारी, वर्ग सुटल्यावर सांगितलं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मी शब्द आधी मनात जुळवून ठेवले होते. ऑनलाइन बॅच, परिस्थिती, सरांचा नाइलाज. त्यांनी मला दुसऱ्याच वाक्यात थांबवलं.

"ताई, थोडक्यात सांगा. पुण्याचे येणार?"

"हो."

"कधीपासून?"

"एक तारखेपासून."

"मग तोवर समास संपवते. मुलांचा अर्धा राहिलाय." दाराशी जाऊन वळल्या. "एक विचारू? फोनवर मुलांनी विचारलं, त्याच मॅडम का, तेव्हा तुम्ही कधी म्हणालात का, की हो, त्याच, आणि चांगलं शिकवतात?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं."

समास त्यांनी संपवला. शेवटच्या दिवशी मुलांनी पेढे वगैरे काही आणलं नाही आणि मलाही सुचलं नाही. जाताना त्यांनी माझ्याकडून अनुभवाचा दाखला मागितला. मी टाइप केला. त्यांनी तिथेच उभ्या राहून वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ पेनने दुरुस्त केला आणि म्हणाल्या, "हे नीट करून द्या." मी दुसरी प्रत काढून दिली. ऐकलं की आता घरीच मुकुंदवाडीच्या मुलींना शिकवतात. मी गेले नाही. मला बोलावलेलंही नाही.

पुण्याच्या सरांचे व्हिडिओ पुढच्या महिन्यापासून यायला लागले. गोड बोलणं, स्वच्छ उच्चार, प्रत्येक 'ण' जागच्या जागी. सरांनी त्यांच्याही तीस रील करायला सांगितल्या. एडिटर भाईच. त्यांना मी नव्याने लिहून दिलं, आणि या वेळी खरंच चांगलं लिहिलं. नमुन्याच्या प्रत्येक रीलखाली, यातून फक्त हे घ्या, बाकी घेऊ नका. मला न दाखवता एकही रील लावायची नाही, पाच-पाचच्या गठ्ठ्याने दाखवायच्या, दुरुस्ती दोनदा करता येईल. शिकवणारे थांबून वाक्य पुन्हा म्हणतील तिथे पहिलं कापा. शिकवणाऱ्यावर हसू येईल असं चित्र, अक्षर किंवा आवाज कुठेही नको. सर वाचून म्हणाले, "हे पहिल्यांदाच दिलं असतं तर?" आणि ते पान त्यांनी त्यांच्या ओळखीच्या दोन क्लासवाल्यांना पाठवलं.

सहाव्या व्हिडिओत पुण्याच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, 'मुलाने आंबा खाल्ला', आणि त्याला भावे प्रयोग म्हणाले. तो कर्मणी प्रयोग आहे. हे आमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला येतं, मॅडमनी घोटून घेतलेलं आहे. त्यांना स्वतःला ते कळलं नाही. थांबले नाहीत, पुन्हा म्हणाले नाहीत, छान हसून पुढे गेले. उच्चार निर्दोष होता.

मी यादी केली नाही. भाईंना एवढंच लिहिलं: 'व्हिडिओ ६, चार मिनिटं दहा सेकंदांपासून चार पन्नासपर्यंतचा भाग प्रेक्षकांना दिसता कामा नये. तो पूर्ण कापून टाका.'

भाईंचं उत्तर आलं: 'उडवायचा, बरोबर? बाहेर नाही काढायचा?'

मी लिहिलं, 'उडवा.'

त्यांनी उडवला. जोड इतका बेमालूम होता की मलाही शोधावा लागला. रील सातला गेली. खाली पहिल्यानेच लिहिलं होतं: 'सर, काय शुद्ध मराठी आहे तुमची.'